एक कॉपियर, दोन घसारे आणि अडतीस हजारांचा तोटा

नाशिकमधली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. काम बांधकामाच्या आराखड्यांचं आणि टेंडरच्या कागदपत्रांचं, संचालक दोघे सख्खे भाऊ. २०२४-२५ ची पुस्तकं बंद होत असताना नफातोटा पत्रकात एक ओळ उगवली: कार्यालयीन उपकरण विक्रीवरील तोटा ₹३८,०००. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलेलं कॉपियर मशीन सप्टेंबर २०२४ अखेर डीलरला परत विकलं होतं, त्याची ही ओळ. मशीन पसंत करून आणलं होतं धाकट्यानं. थोरल्यानं ओळीवर बोट ठेवलं. "तीन वर्षांत अडतीस हजार बुडवलेस की रे!" धाकट्याचं उत्तर तयार होतं. "दादा, मशीननं नाही बुडवले, तुमच्या सरळ रेषेनं बुडवले. डब्ल्यूडीव्ही धरला असता तर नफा दिसला असता. आणि टॅक्सही वाचला असता."

धाकट्याच्या म्हणण्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं होतं, दुसरं पूर्ण खरं आणि तिसरं साफ चूक. हे तोंडी सांगून पटणारं नव्हतं, म्हणून एकाच मशीनचा घसारा दोन्ही पद्धतींनी शेजारी-शेजारी मांडला: सरळ रेषा म्हणजे दरवर्षी सारखीच रक्कम, डब्ल्यूडीव्ही म्हणजे दरवर्षी उरलेल्या शिलकीवर ठरावीक टक्के. तोच तक्ता आणि त्यातून निघालेलं पुढे देतो आहे. कंपनीचं नाव देत नाही, आणि हिशेब सहज नजरेत यावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

आधी किंमत ठरवू

तक्त्याच्या पहिल्या ओळीतला आकडा चुकला की खालच्या सगळ्या ओळी चुकतात, म्हणून सुरुवात बिलापासून. कॉपियरची किंमत ₹१,८८,०००. वाहतूक आणि मशीन वर चढवण्याची हमाली ₹४,०००. स्वतंत्र वीजजोडणी आणि मशीन बसवून चालू करून देण्याचा खर्च ₹८,०००. मशीन वापरण्याजोगं होईपर्यंतचा हा सगळा खर्च मशीनच्या किमतीतच जातो, म्हणून पुस्तकी किंमत ₹२,००,०००. सोबत घेतलेला जादा टोनर आणि दुरुस्तीचा वार्षिक करार यांना त्यात जागा नाही. ते त्या-त्या काळाचे खर्च.

राहिला जीएसटी. बिलावर अठरा टक्के कर होता आणि कंपनीनं त्याचं इनपुट क्रेडिट घेतलं होतं. एकदा क्रेडिट घेतलं की तो कर मशीनच्या किमतीत धरून त्यावर घसारा काढता येत नाही. सीजीएसटी कायद्याचं कलम १६(३) हेच सांगतं: कराच्या रकमेवर घसारा घेतला असेल तर क्रेडिट मिळणार नाही. टॅलीत खरेदीची नोंद घाईनं करताना बिलाची एकूण रक्कम मालमत्तेच्या खात्यात टाकली जाते आणि जीएसटी रिटर्नमध्ये क्रेडिटही घेतलं जातं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. बिल आणि मालमत्ता नोंदवही समोरासमोर ठेवली की हे लगेच सापडतं. इथे नोंद बरोबर होती.

दुसरा प्रश्न तारखेचा. बिल २२ सप्टेंबर २०२१ चं, पण वीजजोडणी व्हायची होती म्हणून मशीन आठवडाभर खोक्यातच होतं. चाचणीची पानं निघाली १ ऑक्टोबरला. पुस्तकातला घसारा बिलाच्या तारखेपासून सुरू होत नाही, मशीन जागेवर बसून वापराला सज्ज झालं त्या दिवसापासून होतो. म्हणून २०२१-२२ साठी सहा महिने. दिवसांवर मोजलं तर १८२ दिवस होतात आणि सरळ रेषेच्या पहिल्या वर्षाच्या घसाऱ्यात बावन्न रुपयांचा फरक पडतो. महिने धरा नाहीतर दिवस, सगळ्या वस्तूंना एकच माप लावलं म्हणजे झालं.

आयुष्य, भंगार मूल्य आणि दर

कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत कार्यालयीन उपकरणांचं उपयुक्त आयुष्य पाच वर्षं दिलं आहे. डेस्कटॉप-लॅपटॉपचं तीन, सर्व्हर आणि नेटवर्कचं सहा, सर्वसाधारण फर्निचरचं दहा. शेवटी उरणारं मूल्य सहसा मूळ किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त धरायचं नाही. म्हणजे आपल्या मशीनचं अवशेष मूल्य ₹१०,००० आणि पाच वर्षांत संपवायची रक्कम ₹१,९०,०००.

सरळ रेषा पद्धतीत यापुढे काही उरतच नाही. १,९०,००० ला पाचानं भागलं, वर्षाला ₹३८,०००.

ऱ्हासमान शेष पद्धतीत, म्हणजे ऑफिसातल्या भाषेत डब्ल्यूडीव्हीत, दर आधी काढावा लागतो. दरवर्षी उरलेल्या शिलकीवर एकच टक्केवारी लावत गेलो तर पाच वर्षांनी बरोबर दहा हजार उरतील, अशी ती टक्केवारी हवी:

```
दर = 1 - (अवशेष / किंमत)^(1/आयुष्य)
   = 1 - (10000/200000)^(1/5)
   = 0.4507
```

म्हणजे ४५.०७ टक्के. हा आकडा पाहून थोरले चमकले. "पंधरा टक्के असतो ना?" पंधरा टक्के हा आयकर कायद्याचा दर आहे, कंपनीच्या पुस्तकांचा नव्हे. पुस्तकात पंधरा टक्के लावले तर पाच वर्षांनीही मशीन ₹८८,७४१ ला उभं दिसेल. तरीही लहान कंपन्यांच्या तक्त्यांत तो सर्रास आढळतो. कधी १३.९१ टक्केही दिसतात. तो १९५६ च्या जुन्या कंपनी कायद्यातल्या चौदाव्या अनुसूचीचा दर, जुनी फाइल वर्षानुवर्षं कॉपी होत आल्याची खूण. १ एप्रिल २०१४ पासून कायदा दर देत नाही, आयुष्य देतो. दर आपण काढायचा.

शेजारी-शेजारी

मशीन विकलं नसतं आणि पूर्ण पाच वर्षं चाललं असतं तर पुस्तकात काय दिसलं असतं, ते असं. रकमा रुपयांत आहेत.

| वर्ष | सरळ रेषा: घसारा | सरळ रेषा: अखेर शिल्लक | डब्ल्यूडीव्ही: घसारा | डब्ल्यूडीव्ही: अखेर शिल्लक | शिलकींतला फरक |
|---|---:|---:|---:|---:|---:|
| २०२१-२२ (६ महिने) | १९,००० | १,८१,००० | ४५,०७० | १,५४,९३० | २६,०७० |
| २०२२-२३ | ३८,००० | १,४३,००० | ६९,८२७ | ८५,१०३ | ५७,८९७ |
| २०२३-२४ | ३८,००० | १,०५,००० | ३८,३५६ | ४६,७४७ | ५८,२५३ |
| २०२४-२५ | ३८,००० | ६७,००० | २१,०६९ | २५,६७८ | ४१,३२२ |
| २०२५-२६ | ३८,००० | २९,००० | ११,५७३ | १४,१०५ | १४,८९५ |
| २०२६-२७ (६ महिने) | १९,००० | १०,००० | ४,१०५ | १०,००० | ० |
| एकूण | १,९०,००० | | १,९०,००० | | |

या तक्त्यात नजर कुठे थांबवावी? बहुतेक जण पहिल्या ओळीवर थांबतात, कारण तिथे १९ हजार आणि ४५ हजार असा डोळ्यात भरणारा फरक आहे. मी तिसऱ्या ओळीवर थांबतो. २०२३-२४ मध्ये दोन्ही पद्धतींचा घसारा जवळपास सारखा आहे, फरक अवघ्या ३५६ रुपयांचा. दोन्ही घसारे इथे एकमेकांना ओलांडतात. त्या वर्षापर्यंत डब्ल्यूडीव्हीचा घसारा जास्त होता, पुढे कमी होत जातो. म्हणूनच शिलकींतला फरक ३१ मार्च २०२४ ला सर्वांत मोठा आहे, ५८ हजारांवर. वस्तू विकण्यासाठी याहून वाईट काळ नाही, म्हणजे हिशेबाच्या वहीत भांडण पेटायच्या दृष्टीनं वाईट. या कंपनीनं मशीन विकलं ते नेमकं त्यानंतर सहा महिन्यांनी.

शेवटच्या ओळीतली गोम

तक्ता एक्सेलमध्ये स्वतः करून पाहणाऱ्याला शेवटच्या ओळीत ठेच लागते. २०२६-२७ ची सुरुवातीची शिल्लक १४,१०५. तिच्यावर ४५.०७ टक्क्यांनी सहा महिन्यांचा घसारा येतो ३,१७९, आणि उरतात १०,९२६. दहा हजार नव्हे. मग वरच्या तक्त्यात ४,१०५ कुठून आले?

खरेदी १ एप्रिलची असती तर ही अडचण फारशी आली नसती. दर दोन दशांशांपर्यंत घेतल्यामुळे शेवटी १०,००२ उरले असते आणि दोन रुपये तिथेच मिटवता आले असते. सहा महिन्यांच्या तुकड्यानं मात्र गणित बदलतं. वर्षाचा दर ४५.०७ टक्के, तर अर्ध्या वर्षाचा आपण सरळ निम्मा म्हणजे २२.५३५ टक्के धरला. पण घटत्या शिलकीवर निम्मा दर दोनदा लावला की ३९.९९ टक्केच कमी होतात, ४५.०७ होत नाहीत, कारण दुसऱ्या खेपेला तो लहान झालेल्या शिलकीवर लागतो. दोन अर्धी वर्षं मिळून एक पूर्ण वर्ष होत नाही, आणि तेवढा घसारा मागे राहतो. तो आयुष्याच्या शेवटच्या तुकड्यात घ्यायचा: सुरुवातीची शिल्लक वजा अवशेष मूल्य, १४,१०५ वजा १०,०००. माझ्या तक्त्यात शेवटच्या वर्षाला दर लावतच नाही, हीच वजाबाकी करतो.

एक्सेलचं तयार सूत्र वापरणाऱ्यांनाही हे टळत नाही.

```
=SLN(200000,10000,5)
=DB(200000,10000,5,1,6)
```

पहिलं ३८,००० देतं, ते पूर्ण वर्षाचं. सहा महिन्यांसाठी निम्मं आपण करायचं. दुसऱ्यातला शेवटचा 6 म्हणजे पहिल्या वर्षातले महिने. `DB` दर तीनच दशांशांपर्यंत घेतं, ०.४५१, म्हणून पहिल्या वर्षी ४५,०७० ऐवजी ४५,१०० येतात आणि सहाव्या तुकड्यानंतरही सुमारे १०,९०० उरतात. `DDB` हे नावानं जवळचं सूत्र मात्र इथे चालणार नाही. ते काही सांगितलं नाही तर सरळ रेषेच्या दुप्पट, म्हणजे या मशीनला चाळीस टक्के दर धरतं.

दुसऱ्यानं केलेला तक्ता तपासायला आला तर मी सूत्रं उघडण्याआधी दोनच ठिकाणी पाहतो: दोन्ही रकान्यांची बेरीज १,९०,००० आहे का, आणि अखेरची शिल्लक दहा हजारच आहे का. पूर्ण पाच वर्षांच्या तक्त्यात शेवटी साडेएकोणीस हजारांच्या आसपास उरले असतील तर समजायचं की दर लावण्याआधीच किमतीतून अवशेष मूल्य वजा केलं आहे. डब्ल्यूडीव्हीचा दर काढतानाच अवशेष मूल्य हिशेबात आलेलं असतं, ते पुन्हा वजा करायचं नसतं. सरळ रेषेची सवय लागलेल्या हाताकडून हे हमखास होतं.

विक्रीचा दिवस

आता खरं घडलेलं. ३० सप्टेंबर २०२४ ला मशीन जीएसटी सोडून ₹४८,००० ला गेलं. त्या दिवसापर्यंतचा त्या वर्षाचा सहा महिन्यांचा घसारा आधी टाकायचा, मग उरलेल्या पुस्तकी किमतीशी विक्रीची तुलना करायची.

| | सरळ रेषा | डब्ल्यूडीव्ही |
|---|---:|---:|
| १ एप्रिल २०२४ ची शिल्लक | १,०५,००० | ४६,७४७ |
| सहा महिन्यांचा घसारा | १९,००० | १०,५३५ |
| विक्रीच्या दिवशीची पुस्तकी किंमत | ८६,००० | ३६,२१२ |
| विक्रीची रक्कम | ४८,००० | ४८,००० |
| परिणाम | तोटा ३८,००० | नफा ११,७८८ |

धाकट्याचा चेहरा खुलला. एकच मशीन, एकच गिऱ्हाईक, एकच चेक. एका वहीत अडतीस हजारांचा तोटा, दुसरीत पावणेबारा हजारांचा नफा.

पण याच तक्त्याखाली आणखी एक बेरीज मांडली. सरळ रेषेत तीन वर्षांत घसाऱ्याचे १,१४,००० आणि तोट्याचे ३८,०००, मिळून १,५२,०००. डब्ल्यूडीव्हीत घसाऱ्याचे १,६३,७८८, त्यातून नफ्याचे ११,७८८ वजा, म्हणजे १,५२,०००. दोन लाखांना घेतलं, अठ्ठेचाळीस हजारांना विकलं, मधले एक लाख बावन्न हजार गेले. कुठलीही पद्धत यातला एक रुपया वाढवू शकत नाही की वाचवू शकत नाही. ती फक्त कोणत्या वर्षाच्या नावावर किती टाकायचे ते ठरवते. सरळ रेषेनं आधीच्या वर्षांच्या नावावर कमी टाकले, उरलेले विक्रीच्या वर्षात तोटा म्हणून एकदम बाहेर आले. डब्ल्यूडीव्हीनं आधीच जास्त टाकले होते, थोडे परत आले.

"म्हणजे मी बुडवले नाहीत," धाकटा म्हणाला. नाहीत. तो तोटा नव्हताच, आधीच्या वर्षांत कमी पडलेला घसारा होता.

टॅक्स वाचला असता का?

नाही, आणि ही समजूत फार पसरलेली आहे. कंपनी पुस्तकात कोणतीही पद्धत धरो, आयकराच्या हिशेबात पुस्तकातला घसारा परत नफ्यात मिळवला जातो आणि आयकर कायद्याप्रमाणे, २०२४-२५ ला १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे, स्वतंत्र घसारा वजा होतो. तिथे पद्धत निवडायला वाव नाही. दर ठरलेला आहे आणि तो एकेका वस्तूवर न लागता त्या दराच्या सगळ्या वस्तूंच्या गटावर लागतो. मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान कर, भरणाऱ्या कंपनीत मात्र पुस्तकातला घसारा महत्त्वाचा ठरतो. ही कंपनी कलम ११५बीएए खालच्या २२ टक्क्यांच्या दरात होती, तिला मॅट लागू नव्हता.

कंपनीच्या सीएंनी हा कॉपियर पंधरा टक्क्यांच्या यंत्रसामग्रीच्या गटात धरला होता. संगणकाला जोडून चालणारे प्रिंटर संगणकाचाच भाग मानून चाळीस टक्के घ्यावेत, असा वाद न्यायाधिकरणांत आणि न्यायालयांत करदात्यांनी जिंकलेला आहे. आपल्या मशीनला तो लागू होतो का, हे त्याच्या कामावर ठरेल. इथे पंधराच धरू.

वापर १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर असता तर निम्माच दर मिळाला असता, पण वापराचे दिवस भरले १८२. पूर्ण पंधरा टक्के मिळाले. मशीन आणखी तीन दिवस खोक्यात राहिलं असतं तर त्या वर्षी पंधरा हजारांचा घसारा हुकला असता. पुस्तकात मात्र सहा महिन्यांचाच. एकाच तारखेला दोन कायदे दोन निरनिराळी उत्तरं देतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

आयकराच्या गटात या मशीनच्या वाट्याची शिल्लक अशी उतरली: पहिल्या वर्षी ३०,००० घसारा जाऊन १,७०,०००, मग १,४४,५००, आणि ३१ मार्च २०२४ ला १,२२,८२५. विक्रीचे ४८,००० या गटातून वजा झाले. उरलेल्या ७४,८२५ वर २०२४-२५ चा पंधरा टक्के घसारा मिळाला, सुमारे ११,२२४ रुपये, आणि पुढेही मिळत राहील. मशीन डीलरकडे गेलं, त्याचा घसारा इथेच राहिला. गटात एसी, यूपीएस, प्रोजेक्टर असल्यानं गट चालू आहे, म्हणून विक्रीवर तोटाही नाही आणि नफाही नाही. गटात ही एकच वस्तू असती तर गट संपला असता, आणि कलम ५० प्रमाणे उरलेली रक्कम अल्पकालीन भांडवली तोटा ठरली असती. पुस्तकातला अडतीस हजारांचा तोटा आयकराच्या कागदावर कुठेच उमटत नाही.

मग चुकलं काय?

थोरल्यांनी शेवटी विचारायला हवं होतं ते विचारलं. दोन्ही पद्धती शेवटी एकाच ठिकाणी जातात, तर इतका फरक पडलाच का?

कारण पाच वर्षं हा अंदाज चुकला. मशीन तीन वर्षांतच बदललं. आणि शेवटी पाच टक्के मिळतील हा अंदाजही चुकला, मिळाले चोवीस टक्के. आयुष्य तीन वर्षं आणि अवशेष मूल्य ४८,००० आधीच धरलं असतं तर सरळ रेषेचा घसारा वर्षाला ५०,६६७ आला असता आणि विक्रीच्या दिवशी तोटा किंवा नफा शून्य. धाकट्याचं पहिलं वाक्य अर्धंच खरं म्हटलं ते यासाठी. दोष सरळ रेषेचा नव्हता, ती कुठे संपणार ते ठरवताना चूक झाली होती.

डब्ल्यूडीव्हीचा नफासुद्धा शहाणपणाचा पुरावा नाही. मशीन खरंच पाच वर्षं सारख्याच जोमानं चाललं असतं तर त्याच पद्धतीनं पहिल्या दोन वर्षांचा नफा विनाकारण दाबला असता. डब्ल्यूडीव्हीच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं की मशीन जुनं होतं तसा दुरुस्तीचा खर्च वाढतो, म्हणून घसारा कमी होत गेला की दोन्हींची बेरीज समान राहते. इथे ते ताडून पाहता आलं. दुरुस्ती २०२२-२३ मध्ये ९,००० आणि २०२३-२४ मध्ये २१,००० झाली होती. सरळ रेषेत बेरीज ४७,००० वरून ५९,००० वर चढते, डब्ल्यूडीव्हीत ७८,८२७ वरून ५९,३५६ वर उतरते. समान कुठेच नाही. दुरुस्ती वाढली हे खरं, पण डब्ल्यूडीव्हीचा घसारा तिच्यापेक्षा फार वेगानं उतरला.

पद्धत निवडायचा निकष हिशेबाच्या मानकात, एएस १० मध्ये, स्पष्ट आहे: मालमत्तेचा उपयोग ज्या ढंगानं संपतो तो घसाऱ्यात दिसायला हवा. कॉपियरच्या बाबतीत याचा पुरावा मशीनच देतं, त्याच्या मीटरवर. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर मीटरचं वाचन लिहिलेलं असतं. ती बिलं काढून तारखेनुसार लावली तेव्हा महिन्याला साधारण पंधरा हजार पानं निघत होती, पहिल्या वर्षीही आणि तिसऱ्या वर्षीही. वापर समान होता, म्हणून सरळ रेषा योग्यच होती.

याच वाचनानं एक न शोधलेली गोष्टही वर आली. तीन वर्षांत पानं निघाली सुमारे ५,४०,०००. खरे गेलेले १,५२,००० त्यांत वाटले तर पानामागे मशीनचा खर्च २८ पैसे. कंपनी गिऱ्हाइकाला टेंडरचे संच छापून देताना दर काढायची तो पुस्तकातल्या घसाऱ्यावरून, १,१४,००० धरून, म्हणजे २१ पैसे. पानामागे सात पैसे तीन वर्षं सुटत होते. अडतीस हजार असे गेले होते, थोडे-थोडे, गिऱ्हाइकाच्या बिलातून.

आता काय करता येतं, काय नाही

धाकट्याला अजून एक आशा होती: मागच्या तारखेपासून डब्ल्यूडीव्ही धरून तोटा पुसता येईल का? नाही. सुधारित एएस १० प्रमाणे पद्धतीतला बदल हा अंदाजातला बदल मानला जातो, त्याचा परिणाम पुढच्या काळावरच होतो. पूर्वी एएस ६ च्या काळात पद्धत बदलली की सुरुवातीपासून पुन्हा मोजावं लागे, ती आठवण जुन्या लोकांच्या डोक्यात अजून आहे. आणि पुढच्यासाठी बदलायचं तरी वापराचा ढंग बदलल्याचं कारण हवं; तोटा बरा दिसावा हे कारण चालत नाही. शिवाय मशीन विकून झालं आहे. ओळ तशीच राहिली.

करायला हवं होतं ते वेगळंच. मानक सांगतं की आयुष्य आणि अवशेष मूल्य दोन्ही निदान प्रत्येक वर्षअखेरीस तपासून पाहा. ३१ मार्च २०२३ ला कुणी धाकट्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की मशीन पुढच्या वर्षी बदलायचं डोक्यात आहे आणि डीलर पन्नासच्या आसपास देईल. तेव्हा शिल्लक होती १,४३,०००. त्यातून ४८,००० वजा करून ९५,००० उरलेल्या दीड वर्षात वाटले असते, वर्षाला ६३,३३३. मागचं काही न बदलता तोटा शून्यावर आला असता, आणि पानाचा दरही वेळेवर सुधारला असता. विचारलं कुणीच नाही, कारण घसाऱ्याचा तक्ता एकदा सूत्रं टाकून बंद केलेला होता.

नवीन कॉपियर १ ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे, किंमत ₹२,४०,०००. त्याला सरळ रेषाच ठेवली, आयुष्य चार वर्षं आणि अवशेष मूल्य पंधरा टक्के म्हणजे ₹३६,०००. घसारा वर्षाला ५१,०००, पहिल्या सहा महिन्यांचा २५,५००. अनुसूचीपेक्षा वेगळं आयुष्य आणि पाच टक्क्यांहून जास्त अवशेष धरल्यामुळे त्याचं तांत्रिक समर्थन हवं आणि वार्षिक हिशेबात तसा उल्लेखही हवा. डीलरचं परतखरेदीचं पत्र आणि जुन्या मशीनच्या मीटरची नोंद फाइलला लावली. ऑडिटरनी ती पाहून एकच सुचवलं: पत्रावर परतखरेदीची मुदत लिहून घ्या, नाहीतर पंधरा टक्के टिकणार नाहीत. डीलरनं तीन वर्षांची मुदत लिहून दिली. चौथ्या वर्षासाठी तो बांधील नाही म्हणाला, म्हणून ३१ मार्च २०२७ च्या तपासणीत आयुष्य तीनवर आणायचं की चारच ठेवायचं, हे तेव्हाच्या मीटरवरून ठरवायचं आहे.